टन, किलो आणि नग : ईआरपीतील मापांच्या रूपांतराचा आढावा

बांधकामाच्या लोखंडाचा व्यापारी कारखान्याकडून सळई टनाने घेतो. त्याच्या वहीत, म्हणजे आजच्या भाषेत ईआरपीत, साठा बहुधा किलोत असतो. घर बांधणारा माणूस दुकानात येऊन सांगतो, 'बारा एमएमचे चाळीस नग द्या.' कंत्राटदार मात्र तोच माल काट्यावर वजन करून मागतो. वस्तू एकच, तिला मापे तीन. या तिन्ही मापांमध्ये ईआरपी एक गुणक ठेवते आणि त्यावर विसंबून साठा, किंमत आणि नफा काढते. हा गुणक चुकला, किंवा बरोबर असूनही चुकीच्या जागी वापरला, तर गोदामात माल पडलेला असताना पडद्यावर साठा उणे दिसतो आणि तोट्यातला सौदा नफ्याचा वाटतो.

रूपांतराचा प्रश्न बहुतेक ठिकाणी आयटम मास्टर भरण्याच्या कामात उरकला जातो. कोणीतरी एक आकडा टाकतो आणि पुढची अनेक वर्षे तो आकडा कोणी उघडून पाहत नाही. या लेखाचे म्हणणे असे की हा आकडा एकाच जातीचा नसतो. काही गुणक व्याख्येने ठरतात, काही वेष्टनाने ठरतात आणि काही दर खेपेला प्रत्यक्ष मोजूनच कळतात. सॉफ्टवेअरला मात्र तिन्ही सारखेच दिसतात. हा फरक ओळखणे हे माणसाचे काम आहे, आणि साठ्याचे मूळ माप कोणते ठेवायचे हा निर्णय त्यावरूनच निघतो.

गुणकांच्या तीन जाती

पहिली जात व्याख्येची. एक टन म्हणजे १००० किलो, एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर. पुरवठादार बदलला, ऋतू बदलला, तरी हे बदलत नाही. अशा गुणकांची नोंद संपूर्ण प्रणालीत एकदाच करावी. प्रत्येक वस्तूसाठी पुन्हा भरू नये.

दुसरी जात वेष्टनाची. औषधाच्या एका खोक्यात दहा पट्ट्या आणि एका पट्टीत दहा गोळ्या. हाही पूर्णांकच आहे, पण तो त्या वस्तूपुरता आणि कित्येकदा त्या पुरवठादारापुरता खरा असतो. दुसऱ्या कंपनीच्या पट्टीत पंधरा गोळ्या असतात. म्हणून 'एक खोके म्हणजे अमुक' असे सर्वांसाठी लिहिता येत नाही. एसएपीमध्ये वस्तूच्या मास्टरखेरीज खरेदीच्या इन्फो रेकॉर्डमध्ये, म्हणजे वस्तू आणि पुरवठादार यांच्या जोडीच्या नोंदीत, वेगळा गुणक ठेवता येतो तो याचसाठी. ओडूच्या सतराव्या आवृत्तीपर्यंतची रचना वेगळी होती. तिथे माप हे सर्व वस्तूंना सामाईक असे, त्यामुळे 'दहाचे खोके' आणि 'बाराचे खोके' ही दोन वेगळी मापेच तयार करावी लागत. दोन्ही पद्धती चालतात, फक्त आपली प्रणाली गुणक कुठे ठेवते हे ठाऊक असले पाहिजे.

तिसरी जात मोजमापाची, आणि खरी अडचण इथेच आहे. वजनावरून नग काढायचे, किलोवरून मीटर काढायचे, किंवा नगावरून चौरस फूट काढायचे असले की आपण एका भौतिक राशीतून दुसरीत उडी मारतो. सळईचे वजन तिच्या व्यासावर अवलंबून असते आणि व्यास रोलिंग मिलमध्ये खेपेगणिक थोडा बदलतो. इथला गुणक हा अंदाज असतो. तो अचूक असल्यासारखा मास्टरमध्ये लिहिला की चूक तिथेच रुजते.

प्रणाली गुणक कसा साठवते

जवळपास सर्व ईआरपींची मूळ कल्पना एकच आहे. प्रत्येक वस्तूचे एक मूळ माप असते, साठा त्याच मापात ठेवला जातो, आणि खरेदी-विक्रीची मापे गुणकाने त्याला जोडलेली असतात. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने उभी केलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्त स्रोत प्रणाली हे अगदी सरळ मांडते. खरेदीच्या किंवा विक्रीच्या प्रत्येक ओळीवर हे गणित होते:

```
stock_qty = qty * conversion_factor
```

एसएपी हाच गुणक एका दशांश संख्येत न ठेवता अंश आणि छेद अशा दोन पूर्णांकांत ठेवते. बारा मिलिमीटरच्या बारा मीटर लांब सळईचे नाममात्र वजन १०.६५६ किलो धरले, तर नोंद '१००० नग = १०६५६ किलो' अशी होते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण भागाकार पूर्ण न जाणाऱ्या संख्यांच्या बाबतीत तो मोठा ठरतो.

समजा डझनाचे खोके हे मूळ माप ठेवले आणि विक्री नगाने होते. एक नग म्हणजे खोक्याचा बारावा भाग, दशांशात ०.०८३३३ आणि पुढे अनंत तिनांची रांग. पाच दशांश स्थळांवर थांबलो तर बारा नग विकल्यावर ०.९९९९६ खोके वजा होतात आणि ०.००००४ खोके साठ्यात उरते. गोदामात ते कुठेच नसते. पडद्यावर मात्र असते, त्याला थोडे मूल्यही असते, आणि 'साठा शून्य झाल्याशिवाय वस्तू बंद करता येणार नाही' असे सांगायला प्रणाली तयार असते. तेच मूळ माप नग ठेवले की एक खोके म्हणजे बरोबर १२ नग, आणि शेपूट उरतच नाही. वेष्टनाच्या जातीत म्हणूनच सर्वांत लहान, न फुटणारे माप हे मूळ माप असावे. यावर फारसा वाद नाही.

दशांश स्थळांचा दुसरा फटका मोठ्या मापाला बसतो. समजा सळईचा साठा टनात ठेवला आणि प्रमाण तीन दशांशांपर्यंत नोंदले जाते. एक सळई म्हणजे ०.०१०६५६ टन. तीन स्थळांवर ती होते ०.०११. प्रत्येक सुट्या सळईच्या विक्रीत सव्वातीन टक्के जास्त माल वजा होत राहतो. एकाच बिलावर शंभर सळया असतील तर प्रणाली १.०६६ टन काढते आणि चूक दिसत नाही. तेच शंभर नग शंभर बिलांवर गेले तर १.१ टन वजा होतात. किरकोळ विक्री जास्त असणाऱ्या दुकानात फरक मोठा आणि घाऊक विक्रेत्याकडे छोटा, असे चित्र दिसले तर शंका आधी दशांशांवर घ्यावी.

एका ट्रकाचा हिशेब

आता तिसऱ्या जातीकडे नीट पाहू. सळईचे प्रतिमीटर वजन काढण्याचे सूत्र साइटवरच्या प्रत्येक पर्यवेक्षकाला पाठ असते: व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा मिलिमीटरसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८८९ किलो. भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये नाममात्र आकडा ०.८८८ आहे, म्हणून बारा मीटरची सळई १०.६५६ किलोची. पण तेच मानक खेपेच्या वजनात सूटही देते. दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळईला सात टक्के कमी-जास्त, त्यापुढे सोळापर्यंत पाच टक्के आणि त्यावर तीन टक्के. म्हणजे बारा मिलिमीटरची सळई सरासरी १०.१२ किलोची असो की ११.१९ किलोची, दोन्ही मानकात बसतात. विक्रेत्याने फसवले नाही, कारखान्याने नियम मोडला नाही, तरीही गुणक दहा टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो.

एक ट्रक धरू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण पूर्णपणे शक्य कोटीतले आहेत. काट्यावर निव्वळ वजन भरले ९,९९५ किलो आणि दर किलोला ५५ रुपये, म्हणजे एकूण किंमत ५,४९,७२५ रुपये. जीएसटी बाजूला ठेवू. माल थोडा हलका आला आहे आणि उतरवताना मोजले तर ९७७ नग आहेत. प्रत्यक्ष सरासरी नगाला १०.२३ किलो, नाममात्र वजनापेक्षा चार टक्के कमी.

ईआरपीत मूळ माप किलो आहे आणि आयटम मास्टरमध्ये 'एक नग म्हणजे १०.६५६ किलो' असे लिहिले आहे. खरेदी टनात आली, एक हजाराने गुणली, ९,९९५ किलो जमा झाले. इथपर्यंत सर्व बरोबर आहे. आता विक्री नगाने सुरू होते आणि दर नगामागे १०.६५६ किलो वजा होतात. ९३८ नग विकले गेले की प्रणालीने ९,९९५.३२८ किलो वजा केलेले असतात. साठा उणे ०.३२८ किलो. पण गोदामात अजून ३९ सळया उभ्या आहेत. पुढे दोनच गोष्टी होऊ शकतात. उणे साठ्यावर विक्री करण्याची मुभा असेल तर पुस्तकातला साठा जवळपास उणे ४१६ किलोपर्यंत खाली जाईल. मुभा नसेल तर समोर माल असताना बिल निघणार नाही, आणि गल्ल्यावरचा माणूस दुसऱ्याच वस्तूच्या नावाने बिल फाडेल. मग दोन वस्तूंचा साठा बिघडतो.

नफ्याचे काय होते तेही पाहू. विक्रीचा दर नगाला ६०० रुपये धरला तर प्रणालीच्या मते नगाची किंमत ५८६.०८ रुपये आणि नफा १३.९२ रुपये. प्रत्यक्षात ५,४९,७२५ रुपयांत ९७७ नग आले, म्हणजे नग ५६२.६७ रुपयांना पडला आणि नफा ३७ रुपयांच्या वर आहे. इथे चूक व्यापाऱ्याच्या बाजूने झाली, म्हणून ती कोणाला टोचत नाही. पुढचा ट्रक तीन टक्के जड आला तर सळई १०.९७६ किलोची भरते आणि नगाची खरी किंमत होते ६०३.६६ रुपये. प्रणाली मात्र तेच १३.९२ रुपये नफा दाखवत राहते. प्रत्येक नगामागे साडेतीन रुपयांहून जास्त तोटा होत असतो आणि तो वर्षअखेरीच्या साठामोजणीपर्यंत कुठल्याही अहवालात येत नाही. त्या दिवशी माल कमी भरला की संशय चोरीवर जातो. चोरी झालेली नसते. गुणक खोटा होता.

दराची बाजू

प्रमाण गुणले की दर भागावा लागतो. टनाला ५५,००० रुपये म्हणजे किलोला ५५ रुपये. हे प्रणाली आपोआप करते, मात्र गुणक भरलेला असेल तरच. नवी वस्तू घाईने उघडली आणि टन ते किलो हा गुणक १००० ऐवजी १ राहिला, तर ९.९९५ टन माल ९.९९५ किलो म्हणून जमा होतो आणि दर किलोला ५५,००० रुपये लागतो.

ही चूक हिशेबनीसाला सापडत नाही, कारण गुणाकार दोन्ही प्रकारे ५,४९,७२५ रुपयेच येतो. पुरवठादाराचे बिल जुळते, खाते जुळते, ताळेबंदही जुळतो. बिघाड फक्त प्रमाणात असतो. आधीचा २,००० किलो साठा ५४ रुपयांनी असेल तर या जमेनंतर सरासरी किंमत किलोला सुमारे ३२७ रुपये होते आणि पुढची प्रत्येक विक्री प्रचंड तोट्याची दिसते. म्हणून माल जमा होताना नव्या सरासरीची आधीच्या सरासरीशी तुलना करणारी एक साधी तपासणी हवी. लोखंडाचा भाव एका खेपेत सहापट होत नाही. तसे दिसले तर आधी गुणक पाहावा.

कधी मागणीचे माप आणि दराचे माप वेगळे असते. मागणी बंडलांत, दर किलोवर. एसएपी यासाठी खरेदी-आदेशात दराचे माप स्वतंत्र ठेवू देते. ज्या प्रणालीत ही सोय नाही तिथे लोक बंडलाचा दर कॅल्क्युलेटरवर काढून भरतात, आणि बिल आल्यावर मागणी, आवक व बिल या तिघांचा मेळ पैशांनी चुकतो. तिथे दर ज्या मापात ठरतो त्याच मापात मागणी नोंदवणे हा सोपा मार्ग.

बदलत्या गुणकाला प्रणालींची उत्तरे

गुणक खेपेगणिक बदलतो हे मोठ्या प्रणालींनी मान्य केलेले आहे, आणि त्यांची उत्तरे तीन प्रकारची आहेत.

पहिले उत्तर : दोन्ही मापे साठवा. ओरॅकलमध्ये वस्तूला प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन मापे देता येतात, आणि दोघांतले नाते कायमचे पक्के आहे, सुचवलेले आहे की दर वेळी हातानेच भरायचे आहे, हे ठरवता येते. सुचवलेल्या नात्यात किती टक्के वर-खाली चालेल तीही मर्यादा घालता येते, त्यापलीकडची नोंद प्रणाली नाकारते. सळईसाठी ही मर्यादा मानकातूनच मिळते: पाच टक्के. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्ये आणि एसएपीच्या कॅच वेट व्यवस्थेत हीच कल्पना मुख्यतः अन्नप्रक्रियेसाठी आहे. कोंबडी नगाने मोजायची, पैसे किलोने घ्यायचे, आणि दोन्ही आकडे शेवटपर्यंत सोबत न्यायचे.

दुसरे उत्तर : गुणक खेपेला बांधा. वस्तूला एक गुणक न देता प्रत्येक बॅचला तिचा स्वतःचा गुणक द्यायचा. एसएपी आणि ओरॅकल या दोन्हींत हे शक्य आहे. सळईच्या प्रत्येक हीटचा क्रमांक कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रावर असतो, त्यामुळे बॅच ओळखायला आधार आहे. अट एवढीच की गोदामातही खेपा वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जागेअभावी दोन ट्रक एकाच ढिगात गेले तर पडद्यावरची बॅच निरर्थक होते.

तिसरे उत्तर : गुणक व्यवहाराला बांधा. टॅलीत वस्तूला पर्यायी माप देता येते आणि व्हाउचर भरताना त्या व्यवहारापुरते प्रत्यक्ष प्रमाण लिहिता येते. ईआरपीनेक्स्टच्या स्टॉक सेटिंगमध्ये खरेदीच्या कागदांवर साठ्याच्या मापातली संख्या हाताने भरू देण्याची सोय आहे. ती वापरली की त्या ओळीचा गुणक प्रणाली स्वतः काढते. लहान आणि मध्यम व्यापाऱ्याला दोन्ही मापांची पूर्ण व्यवस्था महाग आणि किचकट पडते. त्याच्यासाठी हा तिसरा मार्ग पुरेसा आहे, पण त्याआधी मूळ माप योग्य निवडलेले हवे.

मूळ माप निवडण्याची कसोटी

मूळ माप बहुधा खरेदीच्या बिलावरून ठरते. बिल टनात किंवा किलोत आले, म्हणून साठा किलोत. माझ्या मते कसोटी वेगळी असावी: गोदामात उभे राहून ज्या मापात साठा आज, आत्ता पडताळता येतो, ते मूळ माप.

सळईच्या बाबतीत हे माप नग आहे. दहा टन लोखंड रोज काट्यावर चढवता येत नाही, बंडले मात्र अर्ध्या तासात मोजून होतात. शिवाय ट्रकचा काटा साधारणपणे पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने वाचतो, म्हणजे जवळपास एका सळईएवढ्या वजनाने. एक सळई कमी उतरली तर काट्याला ते कळेलच असे नाही, मोजणाऱ्याला कळते.

तोच ट्रक आता नग हे मूळ माप धरून उतरवू. आवकेच्या ओळीवर ९.९९५ टन आणि साठ्याच्या मापात ९७७ नग असे दोन्ही मोजलेले आकडे जातात. गुणक ९७.७४८८७४ असा निघतो आणि तो फक्त त्या ओळीवर राहतो. एका नगाची किंमत ५६२.६७ रुपये आपोआप येते. इथे दोन काळज्या घ्याव्यात. गुणक तीन दशांशांत साठवला तर ९७.७४९ होतो आणि उलट गुणल्यावर ९७७.००१ नग येतात, म्हणून गुणकाला निदान सहा दशांश हवेत. आणि ईआरपीनेक्स्टमध्ये नग या मापाला 'Must be Whole Number' ही खूण लावावी. मग कोणी न मोजता मास्टरच्या गुणकाने टनाचे नग करू पाहिले तर ९३७.९७ सारखा आकडा येतो, प्रणाली तो अडवते आणि मोजणी करावीच लागते.

विक्री नगाने झाली तर आता रूपांतर उरतच नाही. कंत्राटदाराला किलोने माल गेला तर ओळीवर दोन्ही आकडे घ्यावेत. त्याने साधारण पाचशे किलो मागितले, ४९ सळया काढल्या, काटा ५०१ किलो दाखवतो. बिल ५०१ किलोचे आणि साठ्यातून वजा ४९ नग. मास्टरच्या १०.६५६ ने भागले असते तर सुमारे ४७ नगच वजा झाले असते आणि दोन सळया पुस्तकात शिल्लक राहिल्या असत्या. असे महिन्यात वीस व्यवहार झाले तर पुस्तकात चाळीस नसलेल्या सळया उभ्या राहतात.

या निवडीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सळई कापली की नग फुटतो. बारा मीटरमधून सात मीटर गेले तर उरलेले पाच मीटर ०.४२ नग म्हणून ठेवू नयेत. कापीव तुकड्यांची किलोतली वेगळी वस्तू उघडावी, पूर्ण नग तिथे वर्ग करावा आणि तुकड्यांची विक्री वजनानेच करावी. ज्याचा बहुतेक धंदा कापून, वाकवून देण्याचा आहे त्याच्यासाठी किलो हेच मूळ माप योग्य ठरेल, कारण त्याच्या गोदामात नग टिकतच नाही. कसोटी तीच, उत्तर वेगळे.

नंतर बदलायचे झाले तर

मूळ माप सुरुवातीलाच विचारपूर्वक निवडावे लागते, कारण व्यवहार सुरू झाल्यावर ते बदलू देणारी प्रणाली जवळपास नाही. एसएपी साठा किंवा उघडे आदेश असताना ते रोखते, ईआरपीनेक्स्टही व्यवहार झालेल्या वस्तूचे साठ्याचे माप बदलू देत नाही. हे बंधन योग्यच आहे. किलोतल्या जुन्या नोंदी नुसते नाव बदलून नग कशा होतील? योग्य रस्ता असा : नवी वस्तू उघडावी, एका ठरलेल्या दिवशी प्रत्यक्ष मोजणी करावी, जुन्या वस्तूचा साठा मूल्यासह शून्य करून तेच मूल्य नव्या वस्तूच्या मोजलेल्या नगांवर चढवावे, आणि जुनी वस्तू बंद करावी. उघड्या मागण्या त्याआधी पूर्ण किंवा रद्द झालेल्या असाव्यात.

नुसता गुणक बदलताना वेगळी सावधगिरी लागते. एसएपी, बिझनेस सेंट्रल, ईआरपीनेक्स्ट या प्रणाली प्रत्येक कागदाच्या ओळीवर त्या वेळचा गुणक उतरवून ठेवतात. त्यामुळे मास्टरमधला आकडा दुरुस्त केला तरी आधी उघडलेला खरेदी-आदेश जुन्याच गुणकाने माल जमा करतो. 'काल तर दुरुस्त केले होते' ही तक्रार इथून येते. गुणक बदलल्याच्या दिवशी त्या वस्तूच्या सर्व उघड्या ओळी तपासल्या पाहिजेत.

जीएसटीचा भाग थोडक्यात. बिलावरचे माप सरकारच्या ठरलेल्या संकेतांपैकी एकाला जोडावे लागते. टनाला `MTS`, किलोला `KGS`, नगाला `NOS`. एकाच एचएसएनखाली काही विक्री नगात आणि काही किलोत झाली तर विवरणपत्राच्या गोषवाऱ्यात दोन ओळी येतात. त्या बळेच एक करू नयेत, तसे करताना पुन्हा तोच अंदाजी गुणक वापरला जातो.

बिघाड ओळखायच्या खुणा

गुणक बिघडल्याची पहिली खूण म्हणजे माल समोर असताना उणे साठा. दुसरी, शून्याच्या जवळ रेंगाळणारा अपूर्णांक, जो कोणत्याही विक्रीने संपत नाही. तिसरी, एका आवकेनंतर सरासरी किमतीने मारलेली उडी. पण या तिन्ही खुणा नुकसान झाल्यावर दिसतात.

आधीच सावध करणारा आकडा एकच आहे, आणि तो बहुतेक दुकानांत काढता येण्याजोगा असूनही काढला जात नाही. प्रत्येक आवकेचे वजन भागिले प्रत्येक आवकेचे नग. बारा मिलिमीटरसाठी हा आकडा १०.१२ ते ११.१९ च्या बाहेर गेला तर माल मानकाबाहेर आहे किंवा मोजणी चुकली आहे. दोन्ही बाबतीत ट्रक परत जाण्याआधी बोलायला हवे. आकडा पट्ट्यात असूनही एखाद्या कारखान्याचा माल सतत वरच्या कडेला येत असेल, तर तोच माल नगाने विकताना दर वाढवला पाहिजे किंवा खरेदी दुसरीकडून केली पाहिजे. आणि खालच्या कडेचा माल मिळत असेल तर किलोने विकत घेऊन नगाने विकणाऱ्याला तो फायद्याचा असतो, पण नाममात्र वजनावर लोखंडाचा हिशेब करणाऱ्या ग्राहकाला त्यात कमी पोलाद मिळते. हे व्यापाऱ्याने जाणून घेऊन मगच भाव सांगावा.

आयटम मास्टरमधला १०.६५६ हा आकडा काढून टाकायची गरज नाही. अंदाजपत्रकासाठी, ट्रक भरण्याच्या नियोजनासाठी आणि नव्या आवकेशी तुलना करण्यासाठी तो हवाच. फक्त साठा आणि किंमत त्याच्यावर चालवू नये. ती मोजलेल्या आकड्यांवर चालली पाहिजेत, आणि मोजमाप दोनदा व्हायला हवे: माल आत येताना आणि माल बाहेर जाताना.